पुढच्या डिसेंबरचं तिकीट अजून दिसत का नाही?

हा स्क्रीन नीट बघा. जायची तारीख 20 डिसेंबर 2026, परतीची 5 जानेवारी 2027, लंडनच्या हीथ्रोवरून न्यूयॉर्कचं जेएफके. सर्च केलाय 25 जानेवारी 2026 ला, आणि खाली उत्तर आलंय की फ्लाइट उपलब्ध नाही. इथे बऱ्याच जणांना वाटतं की सीटा संपल्या, किंवा कंपनीने रूटच बंद केला. तसं काही झालेलं नसतं, यातली एक तारीख अजून विकायलाच काढलेली नसते.

आता परतीची तारीख काढून टाकू आणि फक्त जायचं तिकीट शोधू. बघा, आली ना फ्लाइट! ही कंपनी 331 दिवस आधी बुकिंग उघडते, अमेरिकन एअरलाइन्सचा हिशोब साधारण असाच आहे, ब्रिटिश एअरवेजचा 355 दिवसांचा. 331 दिवस मागे मोजले तर 20 डिसेंबरचं बुकिंग 23 जानेवारीला उघडतं, पण 5 जानेवारीचं उघडणार 8 फेब्रुवारीला, आणि रिटर्न तिकिटाला दोन्ही तारखा लागतात, म्हणून एक तारीख बंद असली की अख्खा सर्च रिकामा येतो.

हे 331 आलं कुठून? हा दुसरा स्क्रीन बघा, बुकिंग एजंटचा, ते अशी कमांड टाईप करतात:

```
AN20DECLHRJFK
```

वीस डिसेंबर, हीथ्रो, जेएफके. यात वर्ष कुठेय? नाहीच. या रिझर्वेशन सिस्टीमची मुळं 1960 च्या दशकातली, तेव्हा मेमरीचं एकेक अक्षर महाग होतं, म्हणून तारीख म्हणजे फक्त दिवस आणि महिना. मग डिसेंबर म्हटलं की सिस्टीम पुढे येणारा पहिला डिसेंबर धरते, आणि वर्षाच्या पलीकडची तारीख विकायला गेलं तर दोन डिसेंबर एकमेकांत मिसळतील, म्हणून विक्री वर्षाच्या आतच ठेवतात. रोज एक जुनी तारीख गळते, टोकाला एक नवीन उघडते.

पण खरी गोष्ट इथे आहे, या रनवेवर. एकामागून एक विमानं उतरतायत बघा, मध्ये जागाच नाही. हीथ्रो आणि जेएफके दोन्हीकडे कंपनीला वाटेल तेव्हा उतरता येत नाही, ठरलेल्या वेळेची परवानगी लागते, तिला स्लॉट म्हणतात. स्लॉट वर्षभराचे एकदम देत नाहीत, सीझनचे देतात. उन्हाळी सीझन मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे आपला 20 डिसेंबर 25 ऑक्टोबर 2026 पासूनच्या हिवाळी सीझनमध्ये येतो, आणि त्या सीझनची स्लॉट परिषद असते जूनमध्ये. ही छोटी छोटी टेबलं दिसतायत ना, विमानतळांचे स्लॉट देणारे आणि कंपन्यांचे शेड्यूलवाले अशाच टेबलांवर समोरासमोर बसतात, कोणाला सकाळची वेळ हवी असते, कोणी आपली दुपारची देऊन संध्याकाळची मागतं, आणि एका टोकाची वेळ हलली की दुसऱ्या टोकालाही हलवावी लागते कारण विमान तेच असतं.

आता तारखा जुळवा. तिकीट विकायला आलं जानेवारीत, स्लॉटची घासाघीस जूनमध्ये! मग जानेवारीत विकलं काय? बहुतेक वेळा गेल्या हिवाळ्याचंच वेळापत्रक पुढे सरकवलेलं असतं. त्याला आधारही आहे, कारण ज्या कंपनीने गेल्या सीझनमध्ये आपले किमान 80 टक्के स्लॉट वापरले तिला पुढच्या वर्षी त्याच वेळा मिळायचा हक्क राहतो. म्हणून रूट सहसा टिकतो, पण वेळ, विमानाचा प्रकार, दिवसातल्या फेऱ्या यावर नंतर हात फिरतो, आणि हे तिकीट विकताना ठळक अक्षरात सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ बदलल्याची मेल आली की पुढच्या कनेक्शनला किती वेळ उरतो ते आधी तपासा, बदल मोठा असेल तर पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट मागता येते, नियम तिकिटाबरोबर असतात.

तारीख उघडली नाही की सीट संपली हे ओळखायचं असेल तर कॅलेंडर एकेक दिवस पुढे सरकवा. एका तारखेपर्यंत रोज फ्लाइट दिसतेय आणि त्यानंतर सलग काहीच नाही, म्हणजे ती विक्रीची हद्द आहे. मधलाच एखादा दिवस रिकामा आणि पुढे परत फ्लाइट आहेत, तर त्या दिवशी सीट संपल्यात किंवा ती फ्लाइट त्या वारी नसते.

बऱ्याच लो-कॉस्ट कंपन्यांकडे मात्र हे दिवस मोजून उपयोग नाही, अमेरिकेतली साउथवेस्ट असो की युरोपातली ईझीजेट, त्या रोज एक तारीख न उघडता काही महिन्यांचा गठ्ठा एकदम विक्रीला काढतात, तिथे कंपनी पुढचा गठ्ठा कधी उघडणार हे जाहीर करते तीच तारीख बघायची.