कुणीतरी आधीच उघडलेली लिंक

[दृश्य: लॉगिनचं पान. ईमेलचा एकच रकाना, खाली एक बटण.]

या पानावर पासवर्डचा रकाना नाही. ईमेल लिहायचा, बटण दाबायचं आणि मेलची वाट पाहायची. मेलमध्ये लिंक आली तर ती मॅजिक लिंक. सहा आकडे आले तर तो आपल्या ओळखीचा ओटीपी, फक्त एसएमएसऐवजी ईमेलवर आलेला.

पासवर्ड काढून टाकण्यामागचा विचार सरळ आहे. ज्या साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ असं लिहिलेलं असतं, तिथे ज्याच्या हाती मेल त्याच्या हाती खातं, हे आधीच ठरलेलं असतं. पासवर्ड म्हणजे त्याच घराचा दुसरा दरवाजा. आणि बहुतेकांचा हा दरवाजा कच्चा असतो, कारण एकच पासवर्ड ते पाच-दहा ठिकाणी वापरतात. एका साइटवरून फुटलेली यादी बाकीच्या साइटवर लावून पाहायला चोराला माणूसही लागत नाही, ते काम स्क्रिप्ट करते. मॅजिक लिंक हा दुसरा दरवाजा बुजवते. मीडियम या साइटने 2015 मध्येच ईमेलवरून लॉगिन सुरू केलं होतं.

[दृश्य: सर्व्हरच्या बाजूने तीच प्रक्रिया.]

बटण दाबलं की सर्व्हर 32 बाइटचा रँडम टोकन, म्हणजे अंदाज बांधता न येणारी एक खूण, बनवतो. साध्या रँडम फंक्शनने नाही, तर सुरक्षेसाठी असलेल्या जनरेटरने. टोकन मेलमधल्या लिंकमध्ये जातो, पण डेटाबेसमध्ये ठेवायचा असतो तो त्याचा SHA-256 हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा. त्यामुळे उद्या डेटाबेस बाहेर गेला तरी चालू लिंक कुणाला मिळणार नाही. सोबत मुदत लिहिली जाते, साधारण 15 मिनिटं. आणि वापरला गेल्याची वेळ, कारण टोकन एकदाच चालला पाहिजे.

या ‘एकदाच’मध्येच पहिली मोठी अडचण दडलेली आहे.

समजा, एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याने लिंक मागवली. मेल आला, त्याने अर्ध्या मिनिटात लिंक उघडली, आणि पडद्यावर आलं: ‘ही लिंक आधीच वापरली गेली आहे.’ त्याने पुन्हा मागवली, पुन्हा तेच. घरच्या जीमेलवर मात्र सगळं सुरळीत चालतं. सर्व्हरचा लॉग उघडला की कारण दिसतं.

```
10:02:07  198.51.100.24  GET /login/verify?t=...  302
10:02:41  203.0.113.9    GET /login/verify?t=...  410
```

302 म्हणजे लॉगिन होऊन पुढच्या पानावर पाठवलं, 410 म्हणजे लिंक संपलेली. दुसरी ओळ कर्मचाऱ्याची. पहिली ओळ चोराची नाही. कंपनीच्या मेलवर पहारा देणारी यंत्रणा येणाऱ्या मेलमधल्या लिंक स्वतः उघडून तपासते, पलीकडे काही घातक नाही ना याची खात्री करण्यासाठी. मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. पहारेकऱ्याने लिंक उघडली, सर्व्हरने टोकन वापरला गेला असं लिहून टाकलं, आणि खरा माणूस बाहेर राहिला. एकाच टोकनसाठी काही सेकंदांच्या अंतराने दोन वेगळे आयपी दिसले, आणि तक्रारी एकाच कंपनीच्या पत्त्यांवरून येत असल्या, तर आधी इकडे पाहावं.

चूक पहारेकऱ्याची नाही. GET, म्हणजे पान मागणारी विनंती, हिने नुसतं पान दाखवावं, काही बदलू नये, हा वेबचा जुना नियम आहे. म्हणून लिंक उघडल्यावर फक्त एक पान यावं, त्यावर ‘लॉगिन करा’ असं बटण असावं, आणि ते दाबल्यावर जाणाऱ्या POST वर, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या विनंतीवरच, टोकन खर्ची पडावा. पान उघडताच जावास्क्रिप्टने फॉर्म आपोआप पाठवणं हा उपाय नव्हे. काही तपासणी यंत्रणा जावास्क्रिप्टही चालवतात.

मेल पाठवणाऱ्या सेवेत क्लिक मोजण्याची सोय असते, तीही या मेलपुरती बंद करायला हवी. ती सोय लिंक बदलून आपल्या पत्त्यावरून फिरवते, म्हणजे लॉगिनची किल्ली तिसऱ्याच्या नोंदीत जाऊन बसते.

[दृश्य: लॅपटॉपवर लॉगिनचं पान, हातात फोन.]

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. लॉगिन हवं असतं लॅपटॉपवर, आणि मेल उघडला जातो फोनवर. लिंक दाबली की लॉगिन फोनवर होतं, लॅपटॉप तसाच वाट पाहत राहतो. फोनवरच सगळं केलं तरी मेलच्या ॲपमधला आतला ब्राउझर वेगळा आणि रोजचा ब्राउझर वेगळा, त्यामुळे एकात झालेलं लॉगिन दुसऱ्यात दिसत नाही. इथे कोड सरस ठरतो. फोनवर वाचायचा, लॅपटॉपवर टाइप करायचा. रकान्याला autocomplete="one-time-code" दिलं, तर iOS 17 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये आलेला कोड सफारी स्वतःच सुचवते.

पण सहा आकडे म्हणजे फक्त 10 लाख शक्यता. एका कोडला पाच प्रयत्न दिले तर अंदाज बरोबर येण्याची शक्यता 2 लाखांत एक, आणि इथेच अनेकजण निर्धास्त होतात. हिशोब पुढे नेऊन पाहा. दर 10 मिनिटांनी नवा कोड मागवता येत असेल, तर एका खात्यावर दिवसाला 144 कोड आणि 720 प्रयत्न होतात. हेच 1000 खात्यांवर एकाच वेळी चालवलं, तर दिवसाला 7 लाख 20 हजार प्रयत्न, म्हणजे सरासरी दीड दिवसाला एक खातं फुटलं. म्हणून मर्यादा कोडपुरती ठेवून भागत नाही. प्रत्येक खात्याला दिवसाची मर्यादा हवी, आणि साइटभर चुकलेल्या कोडांची संख्या अचानक वाढली तर कळण्याची सोयही हवी. कोडचा साधा हॅशही निरुपयोगी आहे. 10 लाख आकड्यांचे हॅश क्षणात काढून होतात, तेव्हा HMAC, म्हणजे सर्व्हरच्या गुप्त किल्लीसह काढलेला हॅश, वापरावा.

[दृश्य: शेजारी शेजारी दोन पानं, हुबेहूब सारखी.]

आता सर्वांत गंभीर भाग. यातलं एक पान बनावट आहे. आपण तिथे ईमेल लिहितो. पलीकडचा चोर तोच ईमेल खऱ्या साइटवर टाकतो. खरी साइट खऱ्या पत्त्यावरून खरा कोड पाठवते. मेलमध्ये संशय घ्यावा असं काहीच नसतं. आपण कोड बनावट पानावर टाइप करतो, आणि चोर आत जातो.

इथे नीट वापरलेला पासवर्ड कोडपेक्षा भक्कम आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. पासवर्ड मॅनेजर पानाचा डोमेन पाहतो आणि बनावट डोमेनवर गप्प बसतो. कोडचा रकाना असा भेद करत नाही. लिंक मात्र खऱ्या साइटवरच उघडते आणि आपल्याच ब्राउझरमध्ये लॉगिन करते, त्यामुळे या खेळीत चोराला काही मिळत नाही. अट एकच: फोनवर लिंक दाबली की लॅपटॉपवरचं पान आपोआप लॉगिन होईल, अशी ‘सोय’ साइटने केलेली नसावी. ती केली, तर चोराने मागवलेली लिंक आपण दाबतो आणि वाट पाहणारं त्याचं पान उघडतं.

अमेरिकेच्या NIST या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या SP 800-63B या मार्गदर्शिकेत ईमेलवरून होणारी अशी पडताळणी मान्यच नाही, कारण ईमेल नुसत्या पासवर्डनेही उघडता येतो आणि वाटेत अडवलाही जाऊ शकतो. बँकेसारख्या ठिकाणी एवढ्यावर भिस्त ठेवू नये. वर्गणीची साइट किंवा महिन्यातून एकदा उघडायचं ॲप असेल, तर आमच्या मते लिंक आणि कोड दोन्ही एकाच मेलमध्ये द्यावेत, आणि एक वापरला की दुसरा रद्द व्हावा.

एक गोष्ट पासवर्ड करतो आणि हे दोन्ही करू शकत नाहीत. नोकरी सुटली, कंपनीचा ईमेल बंद झाला, तरी पासवर्ड चालत राहतो. इथे मेल गेला की खातंही गेलं. म्हणून खात्यात दुसरा ईमेल जोडण्याची जागा पहिल्या दिवसापासून हवी, आणि पत्ता बदलताना नव्या पत्त्यावर खात्री करून घेण्याबरोबर जुन्या पत्त्यावर सूचनाही गेली पाहिजे.