मंग चाळीस ठेव!

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आठवडी बाजारातल्या ऑटोवरच्या जाहिराती आणि मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ करणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानातला संपादित भाग.)

आज एकच जाहिरात घेऊ, वीस सेकंदांची. विषय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. एकदा संमतीचा फॉर्म भरला की पैसे दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात तेवढेही नसले तर कापले जात नाहीत, आणि विमा संपतो. आपल्याकडे घोळ इथेच होतो. मे अखेरीस बियाण्याची तजवीज सुरू होते, खातं पार झाडून रिकामं केलं जातं. म्हणून जाहिरातीचा निरोप एवढाच : मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात वीस रुपये राहू द्या.

या विषयावर सगळ्यांना आधी सुचतो तो नवरा-बायकोचा विनोद. बायको म्हणते, ‘तुम्ही गेले तर मले दोन लाख’, नवरा दचकतो. लोक खदाखदा हसतात. पण त्यात वीस रुपये कुठे आहेत? मे महिना कुठे आहे? विम्याच्या जागी जमिनीचा तुकडा घाला, विनोद तसाच चालतो. ही साधी पारख आहे : निरोप काढून घेतल्यावरही विनोद उभा राहत असेल तर तो निरोपाचा नाही, उपरा आहे. शिवाय ज्या घरात साप चावून माणूस गेलाय, तिथे हा विनोद ऐकवणार कसा?

आता दुसरा मसुदा. बँकमित्राकडे शेतकरी आलाय, अंगठा मशीनवर.

‘सगळे काढ, एक रुपयाही ठेवू नको.’
‘भाऊ, वीस राहू द्या.’
‘काऊन बे? विसात काय येते?’
‘दोन लाख.’
‘मंग चाळीस ठेव!’

इथे हसू वीस आणि दोन लाख या आकड्यांवरच येतं. आकडे काढा, विनोद कोसळतो. म्हणजे ज्याला विनोद आठवेल त्याला आकडेही आठवतील. पण यात मोठी खोट आहे. विमा हा शब्दच नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, वीस रुपये ठेवले की दोन लाख मिळतात, लॉटरीसारखे. म्हणून चौथं वाक्य बदललं : ‘वर्षभराचा अपघात विमा. दोन लाखांचा.’ विनोद किंचित मंदावतो, हे खरं. मंदावू द्या. आणि ‘चाळीस ठेव’वर बँकमित्राचं उत्तर हवंच : ‘एका माणसाले एकच, भाऊ.’ हा योजनेचा नियम आहे. चार खाती असली तरी विमा एकाच खात्यातून. नियम सांगायला वेगळं वाक्य खर्ची पडलं नाही, तो विनोदाच्या शेपटीला बांधून गेला.

मग निवेदक, गंभीर आवाजात : ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. फॉर्म भरला असेल, तर मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात वीस रुपये राहू द्या.’

सगळे मिळून त्रेचाळीस शब्द. वीस सेकंदांत याहून फार जास्त कोंबले की वाचणारा धावायला लागतो आणि विनोद मरतो. ‘चाळीस ठेव’च्या आधी अर्धा सेकंद गप्प राहा. ‘एकच, भाऊ’नंतर पूर्ण सेकंद सोडा, कारण लोक हसत असताना बोललेलं वाक्य त्यांच्या कानावर पडतच नाही. बरेच जण नेमकं तिथे योजनेचं नाव घालतात आणि मग लोकांना नाव कसं कळलं नाही म्हणतात.

वऱ्हाडी बोली फक्त त्या दोघांच्या तोंडी. निवेदकानेही ‘ठेवजो’ म्हटलं तर सूचनाही गमतीतच जाते.

खर्ऱ्याचा मोह पडेल : ‘खर्ऱ्याच्या पैशात विमा!’ टाळा. तंबाखूच्या जाहिरातीवर कायद्याने बंदी आहे, तो वाद कशाला ओढवून घ्यायचा. आणि ऐकणारा खर्ऱ्याचा भाव काढत बसतो. हार्ट अटॅकने कोसळणारं पात्रही नको, कितीही मजेदार वाटलं तरी. हा विमा अपघाताचा आहे. तसा मृत्यू त्यात बसत नाही, आणि चित्र पाहून कुणी त्या आशेवर बँकेत गेलं तर त्या घराची फसगत तुमच्या विनोदाने झालेली असते.

राहिला ऑटो. चालत्या ऑटोचा भोंगा माणसाच्या कानावर आठ-दहा सेकंद असतो. एकाला ‘सगळे काढ’ ऐकू येतं, दुसऱ्याला नुसतं ‘चाळीस ठेव’. तिथे हा संवाद चालवू नका. चालता असताना फक्त निवेदकाचं वाक्य लागोपाठ लावा. संवाद लावायचा तो बाजारात ऑटो उभा करून, बँकमित्राच्या दुकानाजवळ.