चेहरा जवळ, आवाज लांब

मागे ऐकू येतंय ना? माना हलल्या. आता हा माइक ओठांपासून हातभर लांब धरतो. बघा, आवाज लहान झालाच, पण त्यात हॉल मिसळला. आजचं व्याख्यान खरं तर इथेच संपलं, पण संयोजकांनी चाळीस मिनिटं दिलीत, तर बोलतो.

माझ्या पुतणीचं भाषण होतं. मी शेवटच्या रांगेत, स्टेजपासून बारा मीटरवर. फोन नवा, त्यात 'ऑडिओ झूम', म्हणजे चित्र जवळ ओढलं की आवाजही जवळ येतो म्हणे! चिमटीनं चित्र ओढलं, चेहरा पडदाभर आला. शेजारच्या गृहस्थांना मी अभिमानानं दाखवलंसुद्धा. घरी ऐकलं, तर पोरगी विहिरीत उभी राहून बोलत असावी असा आवाज. आणि त्या गृहस्थांचा खोकला मात्र अगदी स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खोकल्याचं रेकॉर्डिंग छान आलंय." मग मी समोरचाच आवाज धरणारा, लांब नळीचा शॉटगन माइक विकत घेतला. पुढच्या वर्षी तीच जागा आणि तीच विहीर, फक्त जरा कमी खोल. हा खर्च घरी अजून...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, मुद्द्यावर येतो.

तो हॉल पंधरा बाय दहा मीटर, उंची पाच, आणि घुमणं विरायला सव्वा सेकंदाच्या आसपास. अशा हॉलमध्ये वक्त्यापासून साधारण दीड मीटरवर थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज सारखे होतात. त्यापुढे अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलनं पडतो, घुमणारा मात्र हॉलभर जवळपास तेवढाच राहतो. बारा मीटरवर थेट आवाज घुमण्याच्या अठरा डेसिबल खाली जातो. फोन झूम करताना आवाज वाढवतो, पण वाढतात दोन्ही. पोकळपणा तसाच राहतो, नुसता मोठा होतो.

दिशा धरणारा माइक काय देतो? हायपरकार्डिऑइड जातीचा चांगला माइक सहा डेसिबल वाचवतो, म्हणजे बारा मीटरवरून सहा मीटरवर आल्यासारखं. आपल्याला हवा होता दीड. शिवाय स्टेजमागच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी वक्त्याच्याच दिशेनं येतो, त्याला माइक कसा ओळखणार?

फोनची अडचण आणखी वेगळी आहे. दोनशे हर्ट्झच्या ध्वनीची लहर पावणेदोन मीटर लांब, आणि फोनच्या दोन टोकांचे माइक फार तर पंधरा सेंटिमीटर दूर. एवढ्या अंतरात त्या लहरीची दिशा नीट पकडताच येत नाही. मग स, श, च यांसारख्या बारीक आवाजांची दिशा थोडीफार कळते, खालचा भाग मात्र चहूकडून आत शिरतो. शॉटगनची नळीसुद्धा तिच्या लांबीपेक्षा मोठ्या लहरींना फारशी दाद देत नाही.

आता मी दुसरा फोन रेकॉर्डिंग लावून वक्त्याच्या टेबलावर ठेवतो, सुरुवातीला एक टाळी वाजवतो आणि नंतर दोन्ही फाइलींतली ती टाळी जुळवतो. बारा मीटरवर आवाज पस्तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तीस फ्रेमच्या व्हिडिओत जेमतेम एक फ्रेम... हो हो, थांबतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी मात्र माइक तोंडाजवळ धरा.