माजघरातला उजेड आणि गवंड्याचा ओळंबा

मित्रांनो, विकायच्या घराचा फोटो ‘एडिट’ करायचाच नाही, म्हणजे तो आपोआप खरा झाला, असं आपल्यातले काहीजण मानतात. कोकणातल्या जुन्या घराचं माजघर ज्याने टिपलंय त्याला हे पटणार नाही. भर दुपारी ओटीवर उभे राहा. अंगणात रखरखीत ऊन, आणि आत माजघराला एकही खिडकी नाही, उजेड येतो तो फक्त ओटीच्या दारातून. या दोन जागांच्या उजेडात दहा-अकरा स्टॉपचा फरक पडतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा अंगण माजघरापेक्षा हजार-दोन हजार पट उजळ असतं. आपला डोळा आत गेल्यावर दोन मिनिटांत सरावतो आणि मग उतरंड दिसते, फडताळ दिसतं. कॅमेऱ्याला ते एका फोटोत जमत नाही. अंगण सांभाळलं तर माजघराची गुहा होते, माजघर सांभाळलं तर दारात नुसता पांढरा ढग. म्हणजे न सुधारलेला फोटोही घराबद्दल खोटंच सांगतो, आणि त्यात नुकसान विकणाऱ्याचं होतं.

म्हणून उजेड वाढवायचा. प्रश्न आहे, कुठे थांबायचं? मी बॅगेत वर्तमानपत्र ठेवतो. माजघरात दोन मिनिटं उभा राहतो, दिवा बंद ठेवून, आणि दारापासून लांबच्या भिंतीशी जाऊन बारीक मजकूर वाचून बघतो. वाचता आला, मथळेच वाचता आले की काहीच नाही, हे तारीख, वेळ आणि आभाळाच्या स्थितीसकट वहीत लिहितो. तिथेच स्टँडवर कॅमेरा न हलवता दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेतो. रात्री संगणकावर ते एकत्र करताना हात आपोआप उजेडाकडे सरकतो, कारण उजळ खोली सगळ्यांनाच आवडते. त्या वेळी वही उघडायची. ‘फक्त मथळे’ असं लिहिलं असेल आणि पडद्यावर कोपऱ्यातल्या तांब्याच्या हंड्यावरची नक्षी लखलखत असेल, तर मी उजेड मागे घेतो.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो, कारण ही चूक मुद्दाम न करताही होते. गुहागरच्या बाजूचं एक घर होतं, जांभ्याच्या भिंती, आतून चुना. ऑगस्ट संपत आला होता. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी तो जोत्यातून वर ओढतो. माजघराच्या मागच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल आली होती. गडद डाग नव्हता, फिक्कट पिवळट करडी छटा, आणि वरच्या कडेला लोणा लागून चुना थोडा फुगलेला. मी ती जागा पुसली नाही. डाग पुसायचं हत्यार उघडलंही नाही. फक्त खोली उजळ केली, मग भिंत चुन्यासारखी पांढरी दिसावी म्हणून `Whites` थोडं वर नेलं, आणि अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे घालवायला गुळगुळीतपणा वाढवला. ओल गेली.

का गेली ते आकड्यांत बघा. पडद्यावर काळा 0 आणि पांढरा 255. समजा कोरडी भिंत 220 वर होती आणि ओल 190 वर, फरक 30 चा. उजेड वाढवल्यावर कोरडी भिंत 255 ला टेकली; तिला त्याच्या वर जायला जागाच नाही. ओल मात्र मागून चढत 245 वर आली. उरला फरक 10 चा, आणि तो मोबाईलच्या पडद्यावर कुणाला दिसत नाही. फुगलेल्या चुन्याचे पापुद्रे होते, ते गुळगुळीतपणाने खाल्ले.

पुण्याहून एक जोडपं साडेपाच तास गाडी चालवून घर बघायला आलं. त्या ताई भिंतीपाशी वाकल्या, चुन्याला बोट लावलं आणि मला म्हणाल्या, “दादा, फोटोत हे नव्हतं.” घरमालक काका बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी “ही भिंत पावसात पाणी ओढते हो” असं त्यांनी मला सांगितलं होतं. लाज त्यांना वाटली, आणि कारण मी होतो.

त्या दिवसापासून उजेड वाढवण्याआधी मी ओल, भेगा, वाळवीच्या रेघा यांची यादी करतो. काम झाल्यावर मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो शेजारी ठेवून यादीतली प्रत्येक गोष्ट मोबाईलवर शोधतो. दिसली नाही, तर आधी भिंत 240 च्या आत आणतो आणि गुळगुळीतपणा कमी करतो.

रेषांचं तसंच. दरवाजे, खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेले दिसतात, कारण कॅमेरा वर कललेला असतो. ते झुकणं कॅमेऱ्याचं, घराचं नव्हे, तेव्हा ते सरळ करणं योग्यच. त्याहून बरं म्हणजे छातीच्या उंचीवर कॅमेरा समपातळीत धरायचा, म्हणजे पुढचं काम कमी होतं. पण पडवीचा खांब खरोखर कलला असेल तर? रेषा आपोआप सरळ करणाऱ्या `Upright` ला कोण खरा कलला आणि कोण फोटोत कलला, हे कळत नाही. तो सगळ्यांनाच उभं करायला बघतो, किंवा कललेल्या खांबाला सरळ करून शेजारची धड भिंत वाकडी करतो. म्हणून बॅगेत गवंड्याचा ओळंबा असतो. दोरी सोडली की दोन सेकंदांत समजतं. जे ओळंब्यात आहेत त्याच दोन रेषा धरून मी फोटो सरळ करतो, आणि कललेला खांब कललेलाच राहतो.

सरळ करताना आणखी एक गोष्ट बिघडते, ती उंची. फोटो वरून ताणला जातो. माजघराच्या दाराची चौकट मी टेपने मोजतो, कारण जुन्या घरात दारं बुटकी, वाकूनच आत जावं लागतं. त्या घरात ती साडेपाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद होती, म्हणजे उंची रुंदीच्या 2.2 पट. दार कॅमेऱ्याच्या अगदी समोर हवं, तिरकं दार या मोजणीला चालत नाही. सरळ केलेल्या फोटोत तीच चौकट 600 पिक्सेल रुंद आणि 1490 उंच निघाली, जवळजवळ 2.5 पट. हिशोबाने 1320 हवी होती. म्हणजे सगळं माजघर सुमारे 13 टक्के उंच झालं होतं. माळ्याची फळी आठ फुटांवर होती, ती बघणाऱ्याला नऊ फुटांवर वाटली असती. `Aspect` हलवून चौकट 1320 वर आणली आणि खोली पुन्हा बुटकी झाली, जशी ती आहे.

रुंद भिंगाबद्दल फार बोलत नाही. मोबाईलच्या 0.5 ने दहा बाय बाराची खोली हॉलसारखी दिसते, जवळचं फुगतं आणि लांबचं पळतं, आणि नंतर कितीही सुधारलं तरी ते जागेवर येत नाही. ते भिंग मी फक्त न्हाणीघरासारख्या जागेत वापरतो, जिथे मागे सरकायला वावच नाही, आणि फोटोखाली लांबी-रुंदी लिहितो.

गुहागरच्या त्या घराचे फोटो मी काढून टाकले आणि नवे लावले. मागच्या भिंतीचा एक वेगळा फोटो घेतला: दारातून येणारा आडवा उजेड, ज्यात चुन्याचा फुगवटा उठून दिसतो, आणि भिंतीला उभी लावलेली टेप. खाली काकांच्याच शब्दांत ओळ आहे, ‘ही भिंत पावसात पाणी ओढते, दीड फुटापर्यंत.’