आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का?

नमस्कार श्रोतेहो.

मी पुण्यात सव्वीस वर्षं सिटी बस चालवली. आता निवृत्त झालोय आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. आज तुमच्याशी बोलायचंय ते बसच्या डाव्या अंगाबद्दल. बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी राहते, जिच्यातून स्कूटर हळूच पुढे सरकते, तिच्याबद्दल.

जुलै महिना होता, दुपारची झिमझिम चालू होती. एका चौकात सिग्नलला सगळ्यात पुढे माझी बस उभी होती. मला डावीकडे वळायचं होतं, इंडिकेटर चालू होता. हिरवा लागला. मी डावा आरसा पाहिला, मोकळा होता. स्टिअरिंग फिरवलं, बस निम्मी वळली आणि मागच्या सीटवरची माणसं ओरडली, "ओ थांबा, थांबा!" कुणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. मी ब्रेक दाबला आणि खाली उतरून मागे पळालो. मागचं चाक आणि फूटपाथचं रेलिंग यांच्यामध्ये कॉलेजातली एक मुलगी स्कूटरवर होती. चाक आणि तिच्या पायात वीतभर अंतर राहिलं होतं. ती थरथरत होती आणि मीही. ती म्हणाली, "काका, मी तुमच्या शेजारीच उभी होते हो. तुमच्या आरशाच्या अगदी खाली."

ती खरं सांगत होती. आणि आरशाच्या अगदी खाली होती म्हणूनच ती मला दिसली नव्हती.

ही गोष्ट डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मार्केट यार्डात एका ओळखीच्या ट्रकवाल्याची गाडी उभी होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. भाच्याला हेल्मेट घालून स्कूटरवर बसवलं आणि डाव्या दाराला खेटून उभं राहायला सांगितलं. टेप सोबत नेली होती. आकडे सोपे आहेत, ऐकताना डोळ्यांसमोर चित्र उभं करा.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ट्रकमध्ये बसल्यावर माझा डोळा जमिनीपासून साधारण आठ फुटांवर होता. डाव्या खिडकीची खालची कड सहा फुटांवर, आणि माझ्यापासून ती खिडकी सहा फूट लांब. म्हणजे माझी नजर त्या कडेवरून बाहेर जाताना सहा फुटांत दोन फूट खाली उतरते. दर तीन फुटांना एक फूट, असा तिचा उतार. स्कूटरवर बसलेल्या भाच्याच्या हेल्मेटचा माथा जमिनीपासून पाच फुटांवर होता. नजर सहा फुटांवरून पाच फुटांवर यायला आणखी तीन फूट लागतात. म्हणजे दारापासून तीन फुटांच्या आत जो कुणी आहे, त्याचं हेल्मेटसुद्धा त्या खिडकीतून दिसत नाही. अख्खा माणूस गाडीसकट गायब. आणि रस्त्याची जमीन दिसायला लागते ती दारापासून अठरा फुटांनंतर. गाडीगणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण उतार असाच राहतो. सिटी बसला पुढच्या दाराची काच असते, तिच्यातून जरा बरं दिसतं. पण दारात माणसं उभी असली की तीही बंद.

मग तुम्ही म्हणाल, आरसे कशाला आहेत? आरसा बसच्या अंगालगतची मागची पट्टी दाखवतो. साधा सपाट आरसा लांबवर आणि खरं अंतर दाखवतो, पण अरुंद. फुगीर आरसा जास्त रुंद दाखवतो, पण त्यात वस्तू लहान होते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब वाटते. दोन्ही मागे पाहतात. आरशाच्या बरोबर खाली किंवा त्याच्याही पुढे जो उभा आहे तो दोन्हींत येत नाही. त्यासाठी खाली पाहणारा वेगळा फुगीर आरसा लागतो. तो सगळ्या गाड्यांना नसतो, आणि असला तरी पावसात त्याच्यावर थेंब आणि चिखल बसतो. पूर्वी कंडक्टर दारातून वाकून मागे पाहायचा आणि मग डबल बेल द्यायचा. आता दारं बंद असतात, कंडक्टर गर्दीत आत अडकलेला असतो. ड्रायव्हरला तो डोळा उरलेला नाही.

यावर दुचाकीवाल्याच्या हातात एक सोपी खूण आहे. बसजवळ असाल तेव्हा तिच्या आरशात बघा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का? उजेड ज्या वाटेने त्याच्यापासून तुमच्याकडे येतो, त्याच वाटेने तुमच्यापासून त्याच्याकडे जातो. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही त्याला दिसू शकता. नुसता आरसा दिसणं पुरेसं नाही. त्या मुलीला आरसा दिसत होता, माझा चेहरा नाही. पण हेही सांगतो की चेहरा दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं होत नाही. वळताना ड्रायव्हर समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजींकडे बघत असतो, उजवीकडून घुसणाऱ्या रिक्षाकडे बघत असतो. डाव्या आरशावर त्याची नजर क्षणभर येते आणि जाते.

आता चाकांचं सांगतो, कारण जीव जातो तो बहुतेक मागच्या चाकाखाली. बारा मीटरच्या बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण सहा मीटर अंतर असतं. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत जातं. चौकातल्या घट्ट वळणावर ते पावणेदोन मीटरपर्यंत आत येतं, म्हणजे जवळजवळ सहा फूट. हे ड्रायव्हरला माहीत असतं. म्हणून डावीकडे वळायच्या आधी तो बस जरा उजवीकडे काढतो, मागच्या चाकाला जागा करून देण्यासाठी. त्याने असं केलं की डावीकडे चांगली रुंद, मोकळी जागा दिसायला लागते. मागून येणाऱ्याला वाटतं, बस उजवीकडे चाललीय, आपल्याला वाट मिळाली. तो आत शिरतो. ती जागा मागच्या चाकाची असते.

वेळेचा हिशेब करा. वळताना बस ताशी नऊ किलोमीटरने चालली, तरी सेकंदाला अडीच मीटर जाते. पुढचं चाक तुमच्या शेजारून गेल्यावर मागचं चाक तिथे यायला अडीच सेकंदसुद्धा लागत नाहीत. पुढचं चाक लांबून गेलं म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि तेवढ्यात पत्रा त्याच्याकडे सरकायला लागतो. डावीकडे रेलिंग असतं, जायला जागा नसते. अशा वेळी ॲक्सिलेटर पिळून पुढे निसटायचा मोह होतो. तो करू नका, कारण पुढेच ती जागा मिटत असते. ब्रेक लावा, बसला पुढे जाऊ द्या, मागे राहा. तेवढाही वेळ नसेल तर गाडी सोडून फूटपाथवर चढा. स्कूटरचा पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो.

बस वळणार हे आधी ओळखायचं कसं? तुम्ही बसच्या मध्यावर पोहोचलात की मागचा इंडिकेटर तुमच्या पाठीमागे राहतो आणि पुढचा दिसत नाही. म्हणून बसच्या मागे असतानाच इंडिकेटर बघून घ्या. शेजारी गेल्यावर पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवा. बस हलण्याआधी किंवा हलता हलताच ते चाक तिरकं होतं. माझा स्वतःचा नियम तर साधा आहे. चौक जवळ आला की थांबलेल्या किंवा हळू चाललेल्या बसच्या डावीकडून मी स्कूटर नेतच नाही. मागे थांबतो, तेही चिकटून नाही. बसच्या ढुंगणाला लागून उभा राहिलेला ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसत नाही, आणि चढावर बस थोडी मागे येते ती वेगळीच. चांगलं दहा-बारा फूट अंतर ठेवतो आणि बसच्या उजव्या कडेच्या रेषेत राहतो. उजवा आरसा ड्रायव्हरच्या जवळचा, त्यात तो जास्त वेळा बघतो. ओलांडायचं तर उजवीकडून, समोर मोकळं दिसल्यावर, आणि एकदा निघालं की शेजारी रेंगाळायचं नाही.

दिवा चालू असला की आपण ड्रायव्हरला दिसतोच, असा एक गैरसमज आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. हे चांगलंच झालं, मागून येणारी दुचाकी आरशात दिवसाही ठळक दिसते. पण हेडलाइट पुढे पाहतो. तुम्ही बसच्या दाराशेजारी पोहोचलात की तुमचा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे जातच नाही. तिथे तुम्ही अंधारातलेच.

आता तुमच्या स्वतःच्या आरशाकडे येऊ. बस वळायला लागली आणि ब्रेक मारायचा, तर तुमच्या पाठीमागे काय आहे हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. दुचाकीचा आरसा लावताना गाडी डबल स्टँडवर घ्या, पण बसा मात्र चालवताना बसता तसंच, हात हँडलवर, हेल्मेट डोक्यावर. आरशात क्षितिज बरोबर मध्यावर यायला हवं. अर्ध्यापेक्षा जास्त आभाळ दिसत असेल तर आरसा खाली झुकवा. तुमचा खांदा किंवा कोपर आतल्या कडेला जेमतेम चौथाई भागात दिसावं, बाकी सगळा रस्ता. मग कुणालातरी मागून तुमच्या शेजारी चालत यायला सांगा. तो आरशातून निसटतो आणि अजून डोळ्याच्या कोपऱ्यात येत नाही, अशी एक जागा सापडेल. ती तुमची आंधळी जागा. लेन बदलताना तिच्यासाठी मान वळवून झटकन खांद्यावरून पाहायचं, तिला आरशाचा इलाज नाही.

चारचाकीवाल्यांना एवढंच सांगतो की बाहेरच्या आरशात आपल्याच गाडीचा पत्रा अर्धा भरून दिसत असेल तर आरसा बाहेर वळवा. हायवेवर तो पत्रा दिसेनासा होईपर्यंत वळवतात, शेजारच्या लेनमधली गाडी त्यात पकडता येते. पण शहरात दुचाकी तुमच्या दाराला घासून येते, म्हणून मागच्या दाराच्या मुठीची एक बारीक किनार ठेवा.

दुचाकीचा आरसा मात्र लावून सोडून देऊ नका. खड्ड्यांनी त्याच्या दांडीचा नट ढिला होतो, आरसा थरथरतो आणि मागची बस नुसती पिवळी-निळी रेघ दिसते. नट पान्याने आवळा, आवळताना आरसा हव्या त्या कोनात धरून ठेवा. काही गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा फिरवून नट घट्ट होत नाही असं वाटलं, तर जोर लावण्याआधी तो उलटा फिरवून बघा.

नमस्कार.