‘आई जरा पडली होती’: निवेदकाचं वाक्य आणि पडद्यावरचं चित्र

(पटकथालेखन कार्यशाळेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निवेदकावर विश्वास ठेवता येत नाही, असा चित्रपट लिहायला बसलं की पहिल्या खर्ड्यात बहुतेकांकडून एकच गोष्ट होते. निवेदक म्हणतो, ‘मी आईला कधी एकटं सोडलं नाही’, आणि त्याच क्षणी पडद्यावर दाराला कुलूप दिसतं. लिहिणाऱ्याला वाटतं, विरोधाभास साधला. थिएटरात मात्र लोक हसतात.

हसतात, कारण शब्द आणि त्याला खोटं पाडणारं चित्र एकाच वेळी आलं की त्याचा विनोदच होतो. ‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) या चित्रपटाची सुरुवात आठवा. नट डॉन लॉकवुड प्रीमियरच्या दारात रेडिओसाठी मुलाखत देतोय. आपण आईवडिलांच्या प्रतिष्ठित मित्रमंडळींपुढे कला सादर करायचो, असं तो सांगतो, आणि पडद्यावर दिसतं की पोरं पूल खेळण्याच्या अड्ड्यावर चिल्लरीसाठी नाचताहेत. रेडिओच्या श्रोत्यांना फक्त आवाज ऐकू येतो, आपल्याला चित्रही दिसतं. विनोद म्हणून हे अचूक आहे. पण हीच जुळणी गंभीर गोष्टीत वापरली तर प्रेक्षक दुसऱ्याच मिनिटाला निवेदकाला खोटारडा ठरवून मोकळा होतो, आणि पुढचे अठ्ठ्याऐंशी मिनिटं त्याला करायला काही उरत नाही.

म्हणून आज फक्त एकाच प्रश्नावर थांबू या: खोटं पाडणारं चित्र वाक्याच्या आधी येतं, सोबत येतं, की नंतर? सोबत आलं तर हसू येतं. आधी आलं तर वाक्य ऐकताना संशय येतो. नंतर आलं तर ऐकलेलं सगळं मनात उलटं फिरवून पाहावं लागतं. तिन्ही जागा वापरता येतात, पण कोणती कशासाठी हे लिहितानाच ठरवावं लागतं. एडिटवर सोपवून चालत नाही, कारण त्यासाठी लागणारे शॉट आधी घेतलेले असावे लागतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बारा मिनिटांचा लघुपट आहे. सुधीर मिरजेत राहतो, वय बावन्न. आई एक्याऐंशीची, तिला विसरायला होतं. मोठी बहीण टोरांटोला. आई दुपारी पडली आणि आता इस्पितळात आहे. सुधीर कॉरिडॉरमध्ये उभा राहून ताईला व्हॉईस मेसेज रेकॉर्ड करतोय. तोच आपलं निवेदन.

निवेदन कुणाला उद्देशून आहे, हे आधी ठरवा. हवेत बोलणारा निवेदक खोटं का बोलेल? इथे कारण समोर आहे. सहा महिन्यांपूर्वी ताई म्हणाली होती, ‘जमत नसेल तर सांग, बाई ठेवू, मी पैसे पाठवते.’ त्यावर सुधीर ‘जमतंय’ म्हणाला होता. त्याचं प्रत्येक वाक्य त्या एका ‘जमतंय’ची राखण करतंय. आणि व्हॉईस मेसेजचा एक फायदा आहे, तो पुसून पुन्हा रेकॉर्ड करता येतो. त्याकडे शेवटी येऊ.

आता संवादाच्या आधी दोन पानं लिहायची. पहिल्या पानावर खरं काय झालं ते, घड्याळासकट. सकाळी पावणेआठला सुधीर बाहेरून कुलूप लावून दुकानात गेला. दहाला शेजारच्या काकूंनी खिडकीच्या गजांतून चहाची वाटी आत दिली. रोज तो एकला जेवायला येतो, त्या दिवशी आला नाही. सव्वाला आईने दार उघडायचा प्रयत्न केला. वरची कडी अडकली असावी असं तिला वाटलं. कडी उघडीच होती, कुलूप बाहेर होतं. ती स्टुलावर चढली. सुधीर अडीचला आला. म्हणजे सव्वा तास ती फरशीवर होती. दुसऱ्या पानावर सुधीर सांगतो ती हकीकत, त्याच क्रमाने. दोन्ही पानं शेजारी ठेवली की दरी कुठे आहे ते दिसतं. पहिलं पान न लिहिता थेट निवेदन लिहिणाऱ्यांच्या चित्रपटात चित्रं नुसती ‘सूचक’ होतात. पाणी टपकतंय, पंखा फिरतोय. त्याने काहीही सिद्ध होत नाही.

मग भाषा. इथे मराठीने आपल्याला फार मोठी सोय करून दिली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ‘दार लावलं’ म्हटलं की लावणारा असतो. ‘दार लागलं’ म्हटलं की कुणीच नसतो, जणू वाऱ्याने लागलं. पाडणं-पडणं, तोडणं-तुटणं, फोडणं-फुटणं, अशा प्रत्येक जोडीत एक क्रियापद माणसाला पकडतं आणि दुसरं त्याला सोडून देतं. सुधीरची वाक्यं लिहून झाली की त्यातली क्रियापदं खुणा करून बघा. जिथे जिथे तो दोषी आहे तिथे कर्ता गायब झालेला असला पाहिजे: ‘उशीर झाला’, ‘फोन राहून गेला’, ‘दार लागलेलं होतं’. जिथे श्रेय घ्यायचंय तिथे मात्र ‘मी’ ठसठशीत हवा: ‘मी डॉक्टरांना बोलावलं’, ‘मी उचलून गाडीत घातलं’.

आणि मुख्य वाक्य हे: ‘दुपारी आई जरा पडली होती.’

ताईला यातून ऐकू येतं की आई जेवून आडवी झाली होती. पुढे सुधीर म्हणतो, ‘उठताना तोल गेला.’ पण ‘पडली होती’चा दुसरा अर्थ शब्दशः खरा आहे. ती पडलेलीच होती, फरशीवर, सव्वा तास. सुधीर खोटं बोलला असं म्हणता येत नाही, आणि खरं बोलला असंही नाही. दोन अर्थांतला कोणता घ्यायचा ते चित्र ठरवतं. उघड खोट्यापेक्षा असं वाक्य कितीतरी जास्त काम करतं. ‘बॅडलँड्स’ (१९७३) मध्ये पंधरा वर्षांच्या हॉलीचं निवेदन याच्या जवळचं आहे. ती घटना लपवत नाही. तिचा सूर मात्र स्वस्त प्रेमकथांच्या मासिकातला असतो आणि पडद्यावर माणसं मरत असतात.

आता चित्रं कुठे ठेवायची? कुलूप पहिल्याच मिनिटात ठेवा, निवेदन सुरू व्हायच्या आधी. सकाळ, सुधीर कुलूप लावतो, एकदा ओढून बघतो, किल्ली शर्टाच्या खिशात टाकतो, जातो. प्रेक्षकाला वाटतं घर रिकामं आहे. यावर क्लोज-अप नको, कमरेपासूनचा साधा शॉट पुरे. नंतर काकूंची वाटी: गजांतून आत जाते आणि आतून एक सुरकुतलेला हात ती घेतो. घर रिकामं नव्हतं हे तिथे कळतं. निवेदनात याचा उल्लेख नको, तेव्हा सुधीर इस्पितळाच्या खर्चाबद्दल बोलत असू दे.

‘मी तिला कधी एकटं सोडलं नाही’ हे वाक्य यानंतर तीन-चार मिनिटांनी येऊ दे, आणि त्या वेळी पडद्यावर अगदी निरुपद्रवी चित्र हवं: सुधीर इस्पितळाचा फॉर्म भरतोय. नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’ लिहितोय. कुलूप पुन्हा दाखवायचं नाही. प्रेक्षक ते स्वतः आठवतो, आणि त्याने स्वतः आठवलेलं कुलूप तुम्ही दाखवलेल्या कुलपापेक्षा जड असतं.

स्टूल मात्र वाक्याच्या नंतर. ‘जरा पडली होती’ ऐकून प्रेक्षकाने आडवी झालेली आई डोळ्यांसमोर आणली. मग आठव्या मिनिटाला सुधीर घरी कपडे घ्यायला येतो. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच, एक सुरकुती नाही. दाराशी स्टूल उलटं पडलेलं. तो ते उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. मोह होईल की झाकून ठेवलेलं न जेवलेलं ताटही दाखवावं. नको. चादर आणि स्टूल एवढ्यात सगळं आहे. तिसरा पुरावा आला की तो फौजदारी खटला होतो.

वेळेचा हिशोब ठेवा. सावकाश बोललेलं बारा शब्दांचं मराठी वाक्य साधारण पाच-सहा सेकंद घेतं. कान कामात असला की डोळा कमी वाचतो. त्यामुळे चादरीसारखी बारीक गोष्ट बोलण्याखाली दडपू नका. तिथे निवेदन थांबवा आणि निदान तीन सेकंद नुसत्या खोलीचा आवाज राहू दे. मोबाईलवर बघणाऱ्याला तर तेही कमीच पडतं.

एक मोठा धोका राहिला. हे सगळं चालतं ते एका करारावर: शब्द सुधीरचे, पण चित्र कुणाचंच नाही, कॅमेऱ्याने पाहिलेलं. सुधीर सांगतोय म्हणून आई शांत झोपल्याचा फ्लॅशबॅक मध्येच दाखवलात तर करार मोडला. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राईट’ (१९५०) मध्ये सुरुवातीला एक पात्र घडलेली हकीकत सांगतं, ती आपल्याला दृश्यात दिसते, आणि शेवटी कळतं की ते दृश्यच खोटं होतं. अनेक प्रेक्षक चिडले आणि ते करायला नको होतं असं हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं. त्याच वर्षीच्या ‘राशोमोन’मध्ये चार परस्परविरोधी हकिकती दिसतात आणि कुणी फसवल्याची तक्रार करत नाही. तिथे साक्षीदार आधी आपल्याकडे तोंड करून बसतात, न्यायाधीश दिसतही नाही. पुढचं चित्र ‘याची साक्ष’ आहे, ही पाटी आधीच लागलेली असते. तुम्हाला सुधीरच्या कल्पनेतलं चित्र दाखवायचंच असेल तर अशी पाटी पहिल्या वेळेलाच लावा, आणि मग चादर-स्टूलचा डाव सोडून द्या. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

खर्डा झाल्यावर तपासायची पद्धत सोपी आहे. पायलट आवाजावर, म्हणजे निवेदनाच्या कामचलाऊ रेकॉर्डिंगवर, कच्चा कट लावा. एकाला आवाज बंद करून दाखवा, दुसऱ्याला डोळे मिटून ऐकवा. दोघांना गोष्ट विचारा. पहिला म्हणाला पाहिजे, ‘म्हातारीला कोंडून मुलगा कामावर गेला.’ दुसरा म्हणाला पाहिजे, ‘मुलाने खूप केलं, पण अपघात झाला.’ डोळे मिटलेल्यालाही संशय आला, तर बहुतेक वेळा दोष नटाचा असतो: आवाज कापतोय, मध्ये अडखळतोय, अपराधीपण ‘दाखवतोय’. त्याला सांगा, सुधीरला हे सगळं खरंच वाटतंय. पार्श्वसंगीताचंही तेच. वाक्याखाली एक उदास सूर ठेवला की तुम्ही प्रेक्षकाच्या कानात कुजबुजून निकाल सांगितला.

आता ते पुन्हा रेकॉर्ड करणं. आतापर्यंत सुधीरला आपलं खोटं कळतंय की नाही हे आपण उघडं ठेवलं. स्टूल त्याने सवयीने उचललं असेल किंवा लपवायलाही. शेवटच्या मिनिटात तो मेसेजचा उरलेला भाग बोलतो: ‘मी आलो तेव्हा दार मी लाव–’. थांबतो. अंगठा कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर. पुन्हा सुरुवात, त्याच सुरात, त्याच वेगात: ‘मी आलो तेव्हा दार लागलेलं होतं.’ पाठवलं. हा शॉट एकाच टेकमध्ये घ्या आणि चेहऱ्यावर जाऊ नका, अंगठा आणि फोन एवढंच. शर्टाच्या खिशातल्या किल्लीची कड फ्रेममध्ये येत असेल तर येऊ द्या, फोकस मात्र तिच्यावर न्यायचा नाही.