‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करील?
(अमळनेर इथे महसूल कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आधी एक वाक्य वाचून दाखवतो. बोरीकाठच्या एका गावातल्या फेरफाराच्या नोटिशीतलं आहे. वडील वारले, वारसांची नोंद धरली, तेव्हाची ही नोटीस.

“सदर नोंदीबाबत हरकत असल्यास ती १५ दिवसांचे आत लेखी सादर करण्यात यावी, अन्यथा काहीएक हरकत नाही असे समजण्यात येऊन नोंद प्रमाणित करण्यात येईल.”

असली वाक्यं मीही नोकरीत शेकड्यांनी लिहिली. या वाक्यात तीन क्रिया आहेत आणि माणूस एकही नाही. कोणी सादर करायची? कोणाकडे? समजणार कोण? प्रमाणित कोण करणार?

वडिलांच्या मागे दोन मुलं आणि धुळ्याला दिलेली एक मुलगी. नोंदीत नावं मुलांचीच लागली होती. ती बाई नोटीस घेऊन गावी आली आणि चौकात विचारू लागली, “भाऊ, हाऊ कागद कोनले देवाना?” कोणीतरी ग्रामपंचायतीकडे बोट दाखवलं. तिने हरकत तिथे दिली. ती तिथेच राहिली, मुदत संपली, नोंद प्रमाणित झाली. मग प्रांतांकडे अपील. अपिलाला ६० दिवसांची मुदत होती, म्हणून बरं.

हे वाक्य सरळ करायचं कसं? इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात. शाळेत शिकलेलं आठवतं आणि म्हणतात, कर्मणी प्रयोग काढा, कर्तरी घाला. पण मराठीत “तहसीलदारांनी आदेश दिला” हाही कर्मणी प्रयोगच. “अर्जदाराने हरकत नोंदवावी” हाही कर्मणीच, क्रियापद हरकतीच्या लिंगाने चालतं. तरी दोन्ही वाक्यांत माणूस स्पष्ट दिसतो. तेव्हा आपलं भांडण प्रयोगाशी नाही. ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ता गाळण्याची सोय असते, भांडण त्या सोयीशी आहे. गाळलेला कर्ता परत आणायचा, एवढंच काम.

पण तो आणायचा कुठून? अंदाजाने नाही. माझ्या हाताखालच्या एका हुशार मुलाला मी हेच वाक्य सुधारायला दिलं. त्याने लिहिलं, “तलाठी नोंद प्रमाणित करतील.” वाक्य छान झालं, कायदा मोडला. तलाठी नोंद घेतात. ती तपासून प्रमाणित करायची ती अव्वल कारकुनाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने, आणि वाद नसलेल्या नोंदी रोजच्या व्यवहारात मंडळ अधिकारी करतात. अधिकार नसलेल्या माणसाला एका क्रियापदाने अधिकार मिळाला! ‘करण्यात येईल’ निदान खोटं तरी बोलत नव्हतं.

म्हणून कर्ता कलमातून आणायचा. इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५०. ते उघडलं की आणखी एक गंमत दिसते. कलम म्हणतं की हरकत तलाठ्याकडे तोंडी किंवा लेखी करता येते. तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची, आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची. हे त्याचं कर्तव्य आहे. आता नोटिशीतला ‘लेखी’ शब्द पुन्हा पाहा. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिचा कायद्याने दिलेला हक्क त्या एका शब्दाने कापला. आणि पोच देण्याचं कर्तव्य तर वाक्यात शिरलंच नाही. कर्ता शोधायला गेलं की अशी गळालेली कलमं सापडतात. कामाचा खरा नफा तोच. वाचायला सोपं होतं ते वरचं.

आता ‘अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येऊन’. इथे मात्र हात आवरावा लागतो. कायद्यात ‘असे मानण्यात येईल’ हे शब्द येतात तेव्हा पुष्कळदा मानणारा कोणी एक माणूस नसतो. कायदाच तसं धरून चालतो, आणि ते न्यायालयासकट सगळ्यांना लागू पडतं. तिथे “तहसीलदार असे मानतील” लिहिलंत, तर ते तहसीलदाराचं मत झालं, आणि मत खोडता येतं. अशी रचना जशीच्या तशी राहू द्यायची. पण आपल्या नोटिशीत तसं काही नाही. हरकत आली नाही म्हणून हक्क बुडाला, असं कलम म्हणत नाही. फेरफाराने मालकी ठरतही नाही. कलम एवढंच सांगतं की नोंद तपासायची, बरोबर आढळली किंवा दुरुस्त केली की प्रमाणित करायची. म्हणजे ‘समजण्यात येऊन’ ही कारकुनी सवय. ते काढायचं आणि गाळलेली तपासणी परत आणायची.

एवढं केल्यावर नोटीस अशी होते:

“या नोंदीला तुमची हरकत असेल, तर ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत ती तलाठ्यांकडे तोंडी किंवा लेखी नोंदवा. तलाठी तुम्हाला लगेच लेखी पोच देतील. मुदतीत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद तपासतील आणि ती बरोबर आढळल्यास प्रमाणित करतील.”

वाक्यं तीन झाली, लांबीही वाढली. वाढू द्या.

क्रियापदाच्या शेपटाकडेही लक्ष हवं. ‘करण्यात येईल’चं ‘करतील’ होतं, पण ‘करता येईल’चं ‘करू शकतील’ होतं. पहिलं बंधन, दुसरी मुभा. घाईत दोन्ही ‘करतील’ केलं की अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेली गोष्ट सक्तीची होते, आणि उलट झालं तर सक्तीची गोष्ट मर्जीवर जाते. मसुदा झाला की जुनी आणि नवी क्रियापदं शेजारी शेजारी लिहून पाहावीत. मी पेन्सिलीने समासात लिहीत असे.

आणि पंचनामा. तिथे कर्ता घालण्याचा मोह टाळा. “ठिबकच्या नळ्या कापण्यात आल्याचे निदर्शनास आले.” हे सरळ करताना कोणी “शेजाऱ्याने नळ्या कापल्या” लिहिलं, तर चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागला. कापणारा माहीत नाही, पण पाहणारा माहीत आहे ना? मग लिहा, “मी पंचांसमक्ष पाहिले, तेव्हा नळ्या कापलेल्या होत्या.” कर्ता आला, आरोप आला नाही.

शेवटी एका भाऊंनी विचारलं, “साहेब, आमची नोटीस विहित नमुन्यातली असते, संगणकातून छापून येते. त्यात आम्ही काय बदलणार?” बरोबर आहे. विहित नमुन्यातला शब्द तुम्हाला बदलता येत नाही, आणि बदलूही नका. नोटिशीवरच हरकत यायची. पण नोटिशीसोबत जोडायचं पत्र तुमचं असतं. त्यात ही तीन वाक्यं घाला, खाली तलाठ्यांच्या सज्जाचं गाव आणि तिथे बसण्याचे वार लिहा. त्या बाईला वारसुद्धा कोणी सांगितला नव्हता.